पुराच्या आधी किती तास निघायचं? अपंग माणूस असलेल्या घराचं उलटं वेळापत्रक

पुराचा इशारा सगळ्यांना एकदमच मिळतो, पण घर सोडायला सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही. धडधाकट माणसांचं घर पिशव्या भरून, दाराला कुलूप लावून अर्ध्या-पाऊण तासात बाहेर पडतं. घरात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल तर तेवढा वेळ मदतीला माणूस येण्यातच जातो. त्यामुळे बॅगेत काय भरायचं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की आपल्याला निघायला खरोखर किती वेळ लागतो आणि त्या हिशेबाने आपली निघायची वेळ कोणती.

जपानने ही गोष्ट सरकारी इशाऱ्यातच बसवली आहे. तिथे पूर आणि दरडींच्या इशाऱ्यांच्या पाच पातळ्या आहेत. चौथ्या पातळीला धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी बाहेर पडायचं असतं, पण वृद्ध, अपंग आणि त्यांना सोबत करणारे यांनी तिसऱ्या पातळीलाच निघायचं. पाचवी पातळी म्हणजे संकट दारात आलेलं, तेव्हा निघायची वेळ टळलेली असते. 2011 च्या भूकंप आणि त्सुनामीत तिथल्या अपंगांच्या मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट होतं, हे लक्षात घेतलं की ही वेगळी पायरी का हवी ते कळतं. जर्मनीतही 2021 च्या जुलैमध्ये, 14 तारखेच्या रात्री, सिंत्सिश या गावात अपंगांच्या एका निवासात पाणी शिरलं आणि 12 रहिवासी बुडाले. सगळे तळमजल्यावर झोपलेले होते. रात्रपाळीचा माणूस एकेकाला वर नेत होता, तेवढ्यात पाणी आलं. वरचा मजला होता, माणूस होता, फक्त वेळ उरला नव्हता.

तुमच्याकडच्या इशाऱ्यात अशी वेगळी पातळी नसेल तर ती घरातच ठरवावी लागते. एक घर डोळ्यासमोर घेऊन ते करून पाहू.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. आई, वडील, मुलगी आणि 26 वर्षांचा मुलगा. अपघातात मुलाच्या छातीच्या वरच्या भागातला मज्जारज्जू दुखावला. हात चांगले चालतात, पण छातीखाली संवेदना आणि हालचाल नाही. तो बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरतो, दर चार ते सहा तासांनी कॅथेटर घालून लघवी काढतो, हवेच्या गादीवर झोपतो आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन घेतो. दुसरा मजला म्हणून घरच्यांना फारशी काळजी वाटत नाही. पाणी तिथवर येणार नाही हे खरंच आहे. पण तळाशी पाणी साचलं की वीज जाते, लिफ्ट बंद पडते, पाण्याचा पंप थांबतो आणि संडास तुंबतात. इतर कुटुंबं अशा अवस्थेत दोन दिवस काढतील. या मुलाला मात्र त्या दोन दिवसांत जखमाही होतील आणि लघवीचा संसर्गही. शिवाय तेव्हा उतरायचं म्हटलं तर अंधारात, ओल्या जिन्यावरून, खाली पाणी असताना उतरावं लागेल.

आता उलटीकडून हिशेब करू. जिथे जायचं ती जागा 45 मिनिटांवर आहे. मुसळधार पावसात आणि गर्दीत त्याचे दीड तास धरायला हवेत. व्हीलचेअरमधून गाडीत बसवणं, चेअर घडी करून मागे टाकणं आणि सामान ठेवणं यात 20 मिनिटं जातात. सुमारे 40 पायऱ्या उतरायला मध्ये थांबत-थांबत 25 मिनिटं. बॅटरीच्या चेअरमधून साध्या चेअरमध्ये हलवणं, कुशन आणि पाय नीट ठेवणं यात 15. आणि जिन्यासाठी जे दोघे येणार त्यांना फोन केल्यापासून ते दारात येईपर्यंत एक तास. तेवढ्या वेळात घरचे त्याची लघवी काढून, कपडे बदलून बॅग दाराशी आणतात, म्हणून ते वेगळं मोजलेलं नाही. एकूण झाले साडेतीन तास. दोघांपैकी एक आला नाही, गाडी अडकली असं काही ना काही होतंच, म्हणून दीडपट धरायचं: सव्वापाच तास.

अंदाजाप्रमाणे रस्त्यावर रात्री अकराला पाणी येणार असेल, तर या घराने पावणेसहाला मदतीचा फोन केलेला असायला हवा. तोही नाही, कारण मग जिना आणि प्रवास दोन्ही अंधारात येतात. म्हणजे खरी वेळ दुपारची. दुपारी खाली रस्ता कोरडा असतो, शेजारी टीव्ही बघत बसलेले असतात आणि निघायचं म्हटलं की घरातलंच कुणीतरी म्हणतं, "अजून तर काहीच नाही, थोडं थांबून बघू." हाच क्षण अवघड. म्हणून निर्णय त्या दिवसावर सोडायचा नाही. पावसाळ्याआधीच खुणा ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावायच्या: नदीची पातळी इशारापातळीला पोचली, किंवा वरच्या धरणातून मोठा विसर्ग जाहीर झाला, किंवा गल्लीतलं गटार उलटं वाहू लागलं. यातली एक खूण दिसली की निघायचं, त्यावर चर्चा नाही. दहातल्या सात वेळा पाणी येणारच नाही आणि हेलपाटा फुकट जाईल. तो जाऊ द्यावा. जाणं जमेल तितकं सुखाचं करायचं असेल तर सार्वजनिक निवाऱ्यापेक्षा आधी नातेवाइकाचं किंवा मित्राचं घर बघावं. मात्र तिथे आधी एकदा जाऊन संडासाच्या दाराची रुंदी मोजून यावी. चेअर आत जात नसेल तर ते घर कितीही जवळच्या माणसाचं असो, या कामाचं नाही.

आता जिना. बॅटरीवर चालणारी चेअर माणसाशिवायच बऱ्याचदा शंभर किलोच्या आसपास भरते. ती घेऊन जिना उतरायचा विचारही करू नये. ती वर घरातच राहील, आणि दुसऱ्या मजल्याचा तेवढा फायदा घ्यावा. उतरायला घडीची साधी चेअर लागते, 15 ते 20 किलोची. ती नसेल तर आधी मिळवून ठेवावी, भाड्याने किंवा कुणाची वापरात नसलेली. मुलाचं वजन 68 आणि चेअर 18, म्हणजे 86 किलोचं ओझं जिन्यावरून सावरायचं आहे.

उतरताना मुलाचं तोंड जिन्याच्या खालच्या दिशेला असतं. चेअर मागे कलवून मोठ्या चाकांवर तोलायची आणि एकेक पायरी उतरवायची. ताकदीचा माणूस मागे, वरच्या पायरीवर, ढकलायच्या दांड्या धरून. दुसरा समोर, खालच्या पायऱ्यांवर, चेअरकडे तोंड करून. हा दुसरा माणूस उचलत नाही, वेग आवरतो. त्याने धरायचं ते चेअरच्या सांगाड्याला. पाय ठेवायच्या पट्ट्या आणि हात टेकायच्या दांड्या बहुतेक चेअरमध्ये काढता येण्यासारख्या असतात. त्या धरून भार घेतला की कडी सुटते आणि पट्टी हातात येते. मागच्या दांड्यांवरची रबरी मूठही तशीच. जुनी झाली की ती सैल होते, ओली झाली की फिरते आणि सगळं वजन पेलताना निघून येऊ शकते. घरी चेअर रिकामी असताना दोन्ही मुठी जोरात पिळून बघा. हलत असतील तर बदला. मुलाचा कमरेचा पट्टा जिन्यावर लावलेलाच हवा, आणि त्याचे हात मांडीवर, चाकांवर नाहीत.

याची तालीम कोरड्या दिवसात एकदा तरी पूर्ण करावी. ज्यांना बोलावणार त्याच दोघांना बोलावून, घड्याळ लावून. पहिल्यांदा रिकाम्या चेअरमध्ये 20-25 किलोचं पोतं ठेवून, मग मुलाला बसवून. वरचे आकडे मी धरून चाललो आहे, तुमचे आकडे तालमीत कळतील, आणि ते बहुधा जास्तच निघतील. सूचना देणारा आवाज एकच असावा आणि तो शक्यतो मुलाचा असावा. आपलं शरीर कुठे कलतंय हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. तिसऱ्या माणसाने वरून "सावकाश, सावकाश" ओरडण्याचा काही उपयोग होत नाही.

वेळ हुकली आणि होडी आलीच, तर एक गोष्ट उलटी होते: पट्टा सोडायचा. होडीत चेअरला बांधलेला माणूस होडी उलटली तर चेअरसकट तळाला जातो. त्याला चेअरमधून काढून होडीच्या तळावर, त्याच्याच कुशनवर, पाठीला आधार देऊन बसवायचं आणि जीवरक्षक जाकीट घालायचं. चेअर घडी करून बाजूला, जागा असेल तर. वाहत्या पाण्यातून चेअर ढकलत नेणं मात्र टाळाच. गुडघ्याएवढं वेगाचं पाणी उभ्या माणसाला पाडतं, आणि पाण्याखालचं उघडं गटार दिसत नाही. पुढची लहान चाकं त्यात गेली की चेअर पुढे कोसळते.

सामानाकडे येऊ. गडबडीत मागे राहणारी आणि नंतर सगळ्यांत महागात पडणारी वस्तू म्हणजे कुशन. चेअर मिळते, औषधं मिळतात, पण त्याच्या बैठकीला बसणारं कुशन निवाऱ्यात मिळत नाही. त्याऐवजी घडी केलेली चादर घातली तर त्याला काहीच जाणवणार नाही. संवेदना नसल्याने दुखणार नाही, आणि काही तासांतच माकडहाडाजवळ लाल डाग उमटेल. म्हणून बॅगेवर मोठ्या अक्षरात पहिली ओळ "कुशन". मध्ये भोक असलेलं गोल कुशन पर्याय म्हणून घेऊ नका, कडेच्या कातडीवर दाब वाढून रक्तपुरवठा अडतो.

हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो. वीज गेली की ती हळूहळू बसते, आणि वरून बघणाऱ्याला ती फुगलेलीच वाटते. तळहात वर करून गादीखाली, त्याच्या ढुंगणाखाली सरकवा. हाताला आणि त्याच्या हाडाला वेगळं ठेवणारा बोटभर जाड थरही लागत नसेल, तर तो गादीवर नाही, जमिनीवर झोपला आहे असंच धरा. यासाठी जाड फोमची एक गादी गुंडाळून तयार ठेवावी. कोणत्याही गादीवर दर दोन तासांनी कूस बदलायची आणि चेअरमध्ये दर 15 ते 30 मिनिटांनी हातांवर रेटा देऊन किंवा पुढे-बाजूला झुकून भार हलवायचा. निवाऱ्यात हे हमखास विसरलं जातं, कारण सगळं लक्ष बातम्यांकडे असतं. घरातल्या एकाच्या मोबाइलला गजर लावा. सकाळ-संध्याकाळ कातडी बघा: लाल डागावर बोट दाबून सोडल्यावर तो पांढरा न होता तसाच लाल राहिला, तर त्या जागेवर पुन्हा भार येऊ द्यायचा नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा.

औषधांचा साधा नियम असा की बॅगेत निदान सात दिवसांचा साठा हवा, आणि तो वेगळा पडून राहिलेला नसावा. वेगळा ठेवलेला साठा मुदतबाह्य होतो. त्यापेक्षा औषध संपल्यावर नव्हे, तर दोन आठवड्यांचं उरलं की पुढचं आणायचं. मग घरात कायम दोन आठवड्यांचा साठा राहतो आणि निघताना अख्खा डबा उचलला की झालं. कॅथेटरचंही तेच. दिवसाला पाच-सहा, म्हणजे आठवड्याला चाळिसेक लागतात, आणि ते औषधांच्या दुकानात नेहमी हाताशी असतात असं नाही. निवाऱ्यात स्वच्छता जमणारच नसेल तर काही दिवस कायम राहणारा कॅथेटर बसवायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

सगळी औषधं सारखी नसतात. जीवनसत्त्वाची गोळी चार दिवस चुकली तर काही बिघडत नाही. बॅक्लोफेन एकदम बंद झालं तर ताठरपणा उसळून येतो, भास होऊ शकतात, फिट येऊ शकते. फिट्सची औषधं अचानक थांबली तर एकामागून एक थांबायचं नाव न घेणाऱ्या फिट्स येऊ शकतात. बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉईड एकदम थांबवणंही जिवावर बेतू शकतं. घरातल्या औषधांपैकी अशी "एकही वेळ चुकवायची नाहीत" ती कोणती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांचा दोन दिवसांचा डोस घट्ट बंद डबीत मुलाच्या अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा. बॅग एका गाडीत आणि माणूस दुसऱ्या गाडीत, असं अशा वेळी होतंच. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते गार ठेवायचं, पण थेट बर्फावर नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी टाकूनच द्यावं लागतं.

सोबत एक कागद हवा, मोबाइलमधला फोटो वेगळा. त्यावर औषधांची मूळ नावं, डोस, वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचा फोन. आणि या मुलाच्या कागदावर आणखी एक परिच्छेद. ज्यांची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत आहे त्यांना लघवी तुंबली, कॅथेटर मुडपला किंवा कुठे कपड्याची घडी रुतली तरी रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा आणि मान लाल होते, वरच्या अंगाला घाम फुटतो. अशांचा नेहमीचा रक्तदाब कमी असतो, वरचा आकडा 100 च्या आसपास, त्यामुळे 140 दिसला तर तपासणाऱ्याला तो "जरासा वाढलेला" वाटतो आणि प्रत्यक्षात धोका मोठा असतो. अशा वेळी मदतीला आलेला माणूस त्याला आडवं करायला जातो, आणि तेच नेमकं करायचं नाही. उठून बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टा आणि कपडे सैल करायचे आणि ताबडतोब लघवी काढायची. तरी उतरलं नाही तर लगेच दवाखाना. हे चार ओळींत लिहून कार्ड गळ्यात घालावं, कारण निवाऱ्यातल्या डॉक्टरांनीही हा प्रकार प्रत्यक्ष पाहिलेला असेलच असं नाही.

घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल तर निर्णयाची वेळ आणखी अलीकडे येते. मिनिटाला पाच लिटरवाल्या घरगुती यंत्राला साधारण 350 वॅट लागतात. इन्व्हर्टरची 12 व्होल्ट 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तासांची असते, पण इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरीचं वय धरलं तर तिच्यावर यंत्र तीन-चार तासच चालेल. पंखा आणि दिवे त्याच बॅटरीवर असतील तर त्याहून कमी. सिलिंडरचा हिशेब सोपा आहे: आतले लिटर भागिले मिनिटाचे लिटर. 1500 लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास पुरतो. अशा घराने पूर येण्याची नव्हे, वीज जाण्याची शक्यता हीच निघायची खूण धरावी, आणि जिथे जायचं तिथे जनरेटर आहे का हे आधी विचारावं.

परत आल्यावर घाई करू नका. पुराच्या पाण्याचा स्पर्श झालेली औषधं, पट्टीतली असली तरी, बदलून घ्यायची. भिजलेलं फोमचं कुशन सुकवून वापरायचं नाही, त्यात घाण मुरते. हवेचं कुशन साबणाने धुऊन चालतं. साधी चेअर चिखलातून आली असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन, चाकांच्या बेअरिंगमधला चिखल काढून, वाळवून तेल द्यावं, नाहीतर महिन्याभरात ती करकरू लागते. बॅटरीची चेअर तळमजल्यावर राहून भिजली असेल तर चालते का हे बघायलाही कळ दाबू नका आणि चार्जर लावू नका. आधी बॅटरीची जोडणी सोडवून ती जाणकाराला दाखवायची.